गल्ल्यातले पैसे कोणाचे

कॉमर्सला असताना हिशेबाचे तीन नियम मला इतके पाठ होते की झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हणून दाखवले असते. घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफा जमा. कुहीच्या आमच्या कॉलेजात सर हे नियम साऱ्या वर्गाकडून चालीवर म्हणून घ्यायचे, आणि पहिल्या बाकावरून माझा आवाज सगळ्यांत मोठा यायचा. अकाउंट्सच्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. बाबांनी पेढे वाटले. धानाच्या बांधावर उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माही पोरगी आता हिशेबातली मास्टर झाली." मलाही ते खरंच वाटत होतं, म्हणून कुणी टोकलं की मी फणकारायची. तो स्वभाव अजून गेलेला नाही.

बी.कॉम. झाल्यावर नागपूरला आत्याकडे राहायला आले. हिशेबाची नोकरी शोधत होते. मिळाली ती जरीपटक्याच्या बाजारातल्या साडीच्या दुकानात, काउंटरवर. सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं, गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उलगडायच्या, ते "और दिखाओ" म्हणालं की आणखी पन्नास, आणि मग त्या सगळ्या घड्या घालून परत रचायच्या. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा सैल करावा लागायचा. दुकानाचे मालक वाईट नव्हते. पण गल्ल्यामागे बसून वही लिहिणारा त्यांचा पुतण्या पाहिला की माझी घडी चुकायची. त्या खुर्चीवर मी का नाही, एवढंच डोक्यात घोळायचं.

म्हणून त्याच बाजारात, बांगड्यांच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, कर सल्लागार मॅडमना मदतीला मुलगी हवी आहे असं कळलं, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत तशीच जिना चढून गेले. मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेल्या. बडीशेप चघळत त्यांनी माझी मार्कशीट पाहिली आणि बाजूला ठेवली.

"एक महिना ये," त्या म्हणाल्या. "जमलं तं ठेवतो, आणि या महिन्याचाही पगार देईन. नाही जमलं तं जाण्यायेण्याचा खर्च देईन आन राम राम. पटते का?"

पटलं. साडीच्या मालकांना सांगितलं, तर तेही समजुतीचे निघाले. "बेटा, अक्षय तृतीया से पहले बता देना," ते म्हणाले. "सीझन में मुझे लड़की तो लगेगी. तब तक तेरी जगह रखता हूँ." म्हणजे महिनाभरात मला हिशेबाची खुर्ची मिळणार होती, नाहीतर परत साड्यांच्या घड्या. आत्याचं मत घड्यांच्या बाजूनं होतं, कारण तिथे पगार ठरलेला होता.

पहिल्याच आठवड्यात माझी मास्टरकी उतरली.

मॅडमनी एका किराणा दुकानाचं बँकेचं स्टेटमेंट दिलं आणि नोंदी करायला सांगितल्या. स्टेटमेंटमध्ये दुकानदारानं भरलेली प्रत्येक रक्कम जमेच्या रकान्यात, म्हणजे क्रेडिटला होती. मी तशीच उतरवली. बँक क्रेडिट, बँक क्रेडिट. दुपारपर्यंत पानंच्या पानं संपवली आणि ऐटीत मॅडमपुढे ठेवली. त्यांनी शेवटचा आकडा पाहिला.

"काहून वं, यानं इतके पैसे भरले, आन बँकेत याचं खातं उणे कसं होऊन राहिलं?"

"स्टेटमेंटमध्ये तसंच आहे, मॅडम. जमा म्हणजे क्रेडिट."

"नियम काय म्हणते?"

मी घेणाऱ्याचं नावे, देणाऱ्याचं जमा असं चालीवर सुरू केलं. घेणारी कोण? बँक. मग बँक नावे. पण कागदावर तर बँकेनं जमा लिहिलंय. बँक चुकेल कशी? मी एकदा नियमाकडे पाहायची, एकदा कागदाकडे, आणि दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते मला कळेना. माझे कान तापले. मी म्हणाले, "नियमाप्रमाणे तर..."

मॅडमनी जुनं कॅलेंडर ओढलं, एक महिना टर्रकन फाडला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं मधोमध एक उभी रेघ मारली. मला नंतर कळलं की त्या दरवर्षी शेजारच्या सगळ्या दुकानांतून जुनी कॅलेंडरं याचसाठी मागून आणतात.

"नियम सांगू नको मले. काय झालं ते सांग. दुकानदारानं गल्ल्यातले पैसे नेऊन बँकेत टाकले. याच्याजवळ काय वाढलं?"

"बँकेतले पैसे."

"कमी काय झालं?"

"गल्ल्यातले."

"आपल्याजवळ जे आहे ते डाव्या बाजूले. वाढलं तं डावीकडे, कमी झालं तं उजवीकडे. डावीकडेच काहून, असं विचारशील तं रस्त्यावर गाडी डाव्या बाजूनं काहून चालवतो? सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून. तेवढं एक मान. बाकीचं सगळं डोक्यानं काढता येते."

मी लिहिलं. बँक डावीकडे, रोकड उजवीकडे. डावी बाजू म्हणजेच डेबिट, नावे.

"मग बँकेच्या कागदावर क्रेडिट काहून?" मी विचारलं. तोपर्यंत राग उतरून मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तो कागद कोणाचा?"

"बँकेचा."

"मग बँकेच्या खुर्चीवर बस आन पाह्य."

मी बसले, मनातल्या मनात. बँकेच्या खुर्चीवरून पाहिलं तर तो दुकानदार उद्या येऊन हे पैसे मागणार होता. म्हणजे बँकेसाठी ते देणं होतं. आणि देणं वाढलं की उजव्या बाजूला, हे मॅडमनी न सांगता मी म्हणाले, कारण डावीकडे जर आपल्याजवळ जे आहे ते असेल, तर दुसऱ्या बाजूला ते कोणाचं आहे हेच असणार ना! दोघांच्या वह्या बरोबर होत्या, पण मी एकाची वही दुसऱ्याच्या खुर्चीवरून लिहीत होते.

मॅडमनी तोंडात बडीशेप टाकली. "अर्धी दुनिया इथेच अडकते," त्या म्हणाल्या, आणि सगळी पानं परत करायला लावली.

त्या दिवसापासून संगणकाला हात लावायच्या आधी प्रत्येक नवा व्यवहार कॅलेंडरमागे पेन्सिलनं, हा मॅडमचा दंडक. शिवाय तोंडानं गोष्ट सांगायची. नावे आणि जमा हे शब्द शेवटी आले तर चालतील, आधी नाही. मला सुरुवातीला हे बालवाडीसारखं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "बालवाडी तं बालवाडी. गोष्ट सांग."

मग मी गोष्टी सांगू लागले. दुकानदारानं उधारीवर फ्रीज आणला. फ्रीज वाढला, डावीकडे. फ्रीजवाल्याचं देणं वाढलं, उजवीकडे. दुकानाचं भाडं दिलं. रोकड कमी झाली, उजवीकडे. आणि बदल्यात जवळ राहील असं काही आलं नाही, म्हणजे मालकाचाच वाटा तेवढ्यानं घटला, म्हणून भाडंखर्च डावीकडे. खर्च नावे का, हे मला इतकी वर्षं चालीवर म्हणूनही माहीत नव्हतं. मालकाचा वाटा उजवीकडे असतो आणि खर्च तो कमी करतो, म्हणून! इतकं साधं होतं आणि कॉलेजात कुणी सांगितलं नाही, की सांगितलं तेव्हा मी गाण्यात दंग होते, देव जाणे.

एकदा एका दुकानदारानं गल्ल्यातून मुलीची कॉलेजची फी भरली होती. मी सवयीनं शिक्षणखर्च लिहिणार, तोच थांबले. दुकानानं कोणतं शिक्षण घेतलं? ज्यानं दुकानाचा काही फायदा व्हायचा नाही, तो दुकानाचा खर्च कसा? ती मालकानं स्वतःच्या वाट्यातून केलेली उचल होती. तसं लिहिलं. मॅडमनी गोष्ट ऐकली आणि ते पान तपासायला मागितलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी आत्यासाठी पावभर चिवडा घेऊन गेले. "काहून आज?" आत्यानं विचारलं. मी म्हटलं, "असंच." मला आनंद झाला होता आणि तो तिला समजावून सांगता येण्यासारखा नव्हता.

मार्च संपला. नागपूरचं ऊन असं पडलं की जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येईना. ऑफिसातला कूलर घरघरत पाणी शिंपडायचा आणि कागदांवर ठेवायला आम्ही दगड आणून ठेवले होते. वर्षअखेरीचे हिशेब सुरू झाले आणि मॅडमनी एक बिछायत केंद्र माझ्या अंगावर टाकलं. मंडप, खुर्च्या, गाद्या भाड्यानं देणारं. "हे पूर्ण तूच कर," त्या म्हणाल्या. "मी पाहणार नाही." मी समजले. महिना संपत आला होता. हीच माझी परीक्षा.

बिछायतवाले काका आमच्या इकडचेच, मौद्याकडचे. उंच, मोठ्या आवाजाचे, पण बोलताना दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारणारे. दिवाळीनंतर त्यांनी स्वयंपाकाची भांडीही भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती: गंज, पराती, झारे, मोठाल्या कढया. भांड्यांच्या धंद्यात पद्धत वेगळी असते. भाडं काम उरकल्यावर घेतात, पण बुकिंगच्या दिवशीच अनामत ठेवून घेतात. भांडी परत आली, मोजून भरली की अनामत परत. काही हरवलं तर तेवढं कापून बाकीची परत. काकांचा मुलगा रोजची वही लिहायचा. गल्ल्यात जे आलं ते त्यानं भाड्याच्या रकान्यात टाकलं होतं आणि जे परत दिलं ते खर्चाच्या. त्याच्या दृष्टीनं पैसा आला म्हणजे कमाई आणि गेला म्हणजे खर्च.

मी त्याला हसले नाही, कारण नियमानं मीही तेच केलं असतं. येणारी रोकड नावे, उत्पन्न जमा. चालीत बरोबर बसतं.

मी कॅलेंडर फाडलं. रेघ मारली. गोष्ट सांगितली, या वेळी स्वतःलाच. एका माणसानं एप्रिलच्या लग्नासाठी मार्चमध्ये पाच हजार अनामत ठेवली. काकांजवळ काय वाढलं? रोकड, पाच हजार, डावीकडे. मग हे कोणाचं? काकांनी यासाठी अजून काही केलं का? नाही. भांडी दिली का? तीही नाही. उद्या तो माणूस लग्न रद्द करून आला तर पैसे द्यावे लागतील का? लागतील. मग हे त्या माणसाचेच. उजवीकडे देणं: अनामत, पाच हजार. उत्पन्नाचा यात संबंधच नव्हता.

वर्षभरात घेतलेली आणि परत दिलेली अनामत एकमेकींत वजा होत होती, त्यामुळे तिथे नफ्याला फारसा धक्का नव्हता. पण एकतीस मार्चला जी अनामत परत द्यायची बाकी होती, एप्रिल-मेच्या लग्नांची, ती सगळी मुलाच्या वहीत नफा बनून बसली होती. मी बेरीज केली. एक लाख ऐंशी हजार. वही म्हणत होती नफा पाच लाख वीस हजार. खरा होता तीन लाख चाळीस.

मी तीनदा तपासलं आणि मग काकांना बोलावलं.

ते आले, कूलरपुढची खुर्ची ओढून बसले, आणि आकडा ऐकताच उठून उभे राहिले.

"असं कसं होईल, बेटा? मी बँकवाल्याले पाच लाख सांगून बसलो ना! त्याच्यावरच तं टेम्पोचं लोन भेटून राहिलं मले. तू माहा नफा खाऊन टाकला का?"

"काका, तो नफा नव्हता. अनामत होती."

"पण पैसे तं माह्या गल्ल्यात आहे ना! तू चाल, दाखवतो तुले. गल्ल्यात नसते तं गोष्ट वेगळी."

मला राग आला. पण हे मॅडमचं ऑफिस होतं आणि ते वडीलधारे होते, म्हणून मी कागद त्यांच्याकडे फिरवला. "गल्ल्यात आहेत ना, काका. मी कुठं नाही म्हणते? हे पाहा, डावीकडे लिहिलेच आहेत, एकही रुपया कमी केला नाही. पण ते कोणाचे, हे उजवीकडे लिहायचं असते. आज हे सगळे अनामतवाले तुमच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणाले आम्हाले भांडी नाही पाहिजे, तर?"

"तं देईन ना. मी का बुडवणारा माणूस आहो?"

"मग ते तुमचे कसे?"

काकांना ते पटलं नाही, अपमान मात्र वाटला. ते मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्ही पाहा ना जरा. लेकरू आहे, चुकलं असन."

मॅडम दुसऱ्या कुणाचं रिटर्न भरत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हिशेब तिचा आहे," त्या म्हणाल्या. "तिलेच विचारा."

काका "ठीक आहे मग" म्हणाले आणि दाणदाण जिना उतरून गेले. खालच्या बांगडीवाल्यानं मान वर करून पाहिलं, ते मला खिडकीतून दिसलं. मला वाटलं, मॅडम एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? गिऱ्हाईक गेलं तर ठपका माझ्यावर येणार. मॅडमनी एवढंच विचारलं, "पक्कं आहे?"

"पक्कं आहे," मी म्हणाले. जरा जोरातच.

त्याच संध्याकाळी साडीच्या मालकांचा फोन आला. "हाँ बेटा, क्या सोचा? आ रही है कि दूसरी रख लूँ?"

मी रस्त्यात उभी होते, भाजीच्या ठेल्याजवळ. दोन दिवस मागून घेता आले असते, तेवढे त्यांनी दिलेही असते. पण मी मनात अजून काकांशीच भांडत होते, आणि भांडता भांडता मला कळत होतं की मी बरोबर आहे. सर म्हणाले म्हणून किंवा पुस्तकात आहे म्हणून नाही. मी ते काढलं होतं आणि हवं तेव्हा परत काढू शकत होते. ही गोष्ट माझ्याजवळ आयुष्यात पहिल्यांदाच होती. मी म्हणाले, "अंकल, रख लीजिए दूसरी."

फोन ठेवल्यावर भाजी घ्यायचीच विसरले. घरी आत्यानं डोक्यावर हात मारून घेतला.

"डोकं फिरलं का वं तुहं? तिथं पक्कं नाही, आन दुकानातलं सोडून दिलं?"

"तिथं माझी एन्ट्री बरोबर आहे, आत्या."

"एन्ट्री बरोबर आहे!" आत्या भिंतीला म्हणाली. "एन्ट्री का वाढून देणार आहे तुले ताटात?" तिनं भांडी जरा जास्तच आवाज करत घासली, पण मला जेवायला मात्र गरम वाढलं.

पुढचे काही दिवस मॅडम नेहमीसारख्या वागल्या, म्हणजे मला काहीच कळेना. महिना संपला होता. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारून 'राम राम' ऐकण्यापेक्षा नोंदी करत बसलेलं बरं.

मग एका सकाळी काका आले. या वेळी जिना हळू चढून आले. हातात मुलाची वही, कपाळावर घाम. मॅडमकडे न जाता ते सरळ माझ्या टेबलापुढे बसले.

"बेटा, मी घरी बसून यादी काढली. कोणाकोणाची अनामत आहे माह्याजवळ. लय झाली गा, मलेच वाटलं नव्हतं. आन टेम्पोच्या बयाण्यासाठी मी त्यातूनच पैसे काढणार होतो." त्यांनी रुमालानं मान पुसली. "बरं झालं नाही दिले. मे महिन्यात लोकं परत मागायला आले असते तं काय दाखवलं असतं त्याहिले, टेम्पो? लोन आता कमी घेतो. नवा नाही तं जुना टेम्पो पाहू."

इतके दिवस तयार ठेवलेली सगळी उत्तरं वाया गेली होती. मी पाणी दिलं.

"आता हे सांग," त्यांनी वही उघडली. "हा एक जण आहे. याची पाच हजार अनामत. लग्न झालं, भाडं दिलं त्यानं वेगळं. पण दोन गंज हरवले. बाराशे कापले मी, अडतीसशे परत केले. पोरगा म्हणते अडतीसशे खर्च लिहू. मी म्हटलं थांब, तिलेच विचारतो."

हे कुठल्याही चालीत बसणारं नव्हतं. मी कॅलेंडर ओढलं. मॅडम आपल्या टेबलावर होत्या, त्यांची पेन्सिल थांबलेली मला जाणवत होती.

"पाच हजारांचं देणं होतं, ते संपलं," मी म्हणाले. देणं उजवीकडे वाढतं, म्हणून फिटलं की डावीकडे. अनामत, पाच हजार. "रोकड अडतीसशे गेली, ती उजवीकडे. आता बाराशे राहिले. ते आता तुमचे. पण काका, गंज तुमचे होते, ते गेले. केवढ्याले घेतले होते?"

"साडेचारशेले एक. आन याच सीझनचे होते, नवे."

"म्हणजे नऊशेचे गंज कमी झाले. तेही उजवीकडे. आता उजवीकडे किती झाले?"

"अडतीस आन नऊ... सत्तेचाळीसशे," काका म्हणाले.

"राहिले तीनशे. गंजांच्या किमतीपेक्षा तुम्ही जास्त कापले, तेवढीच खरी कमाई. उजवीकडे तीनशे, तुमच्या वाट्यात."

डावीकडे पाच हजार, उजवीकडे पाच हजार. काकांनी स्वतः बोट फिरवून बेरीज केली आणि हसले. "म्हणजे बाराशे कापून मी कमावले तीनशेच."

"तीनशेच."

"आन पोरगा उलट खर्च लिहून राहिला होता!" ते उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि वही मागे ठेवून गेले, पुढच्या नोंदी मीच करायच्या म्हणून.

मी मॅडमकडे पाहिलं. मनातलं न राहवून विचारलंच. "त्या दिवशी तुम्ही का नाही बोलल्या?"

"मी बोलली असती तं त्यानं मॅडमचं ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "हिशेबाचं नसतं ऐकलं. आन तुले पण मॅडमच बरोबर वाटली असती." त्यांनी बडीशेपेची डबी माझ्याकडे सरकवली, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "बरं, ते जाऊ दे. आपल्या ऑफिसची एक एन्ट्री राहिली. मागच्या महिन्याची. लिही."

मी नवं पान फाडलं, रेघ मारली, पेन्सिल घेतली.

"एका बाईनं महिनाभर इथं काम केलं," मॅडम म्हणाल्या. "ऑफिसनं ते वापरलं. पैसे अजून दिले नाही. काय झालं सांग."

मी गोष्ट सांगायला लागले, नेहमीसारखी, आकड्यांत डोकं घालून. काम वापरून संपलं, हातात राहिलं नाही, म्हणजे ऑफिसचा खर्च. मालकाचा वाटा घटला. पगार, डावीकडे. रोकड गेली नाही, म्हणून रोकडीला हात लावायचा नाही. मग उजवीकडे काय? देणं वाढलं. ऑफिस कुणाचं तरी देणं लागतं.

"कोणाचं?" मॅडमनी विचारलं.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. इथे महिनाभर काम केलेली बाई एकच होती. आणि नुसता जाण्यायेण्याचा खर्च देऊन जिला पाठवायचं असतं, तिचा पगार कुणी लिहायला सांगत नाही.

मला रडू आलं. मी तोंड कूलरकडे फिरवलं. मॅडम रागावल्यासारखं म्हणाल्या, "वारा घेऊन झाला असन तं लिही वं. खातं नवीन आहे, नाव पूर्ण टाकजो. दर महिन्याले लागणार आहे."

मी डोळे पुसले आणि उजव्या बाजूला आडनावासकट माझं नाव लिहिलं.